संविधान तक्त्याचा विसरलेला उत्तरार्ध

परीक्षकाच्या लहरीला आवर घालण्यासाठी परीक्षेला ठरीव साचा द्यायचा आणि मग त्या साच्यालाच विद्या समजून बसायचे, हा क्रम फार जुना आहे. चीनमध्ये सुई राजवटीच्या काळात सुरू झालेली राजसेवेची परीक्षा मिंग काळात आठ भागांच्या काटेकोर निबंधात बांधली गेली, कारण हजारो उत्तरपत्रिकांची तुलना एकाच मापाने करणे त्यामुळे शक्य होत होते. सतराव्या शतकात गू यान्वू या विद्वानाने त्याचा परिणाम नोंदवला: कोणती वचने विचारली जातील याचा अंदाज बांधून धनिक घरे तयार निबंध लिहवून घेत आणि मुले तेवढेच पाठ करत. १९०५ साली ही परीक्षा बंद झाली, तोवर साचा अभ्यासाचाच विषय होऊन बसला होता.

पश्चिमेत हाच प्रश्न उलट बाजूने समोर आला. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुण तिशीच्या आतपासून नव्वदीच्या पार विखुरले. पुढे राल्फ टायलर यांनी आग्रह धरला की आधी उद्दिष्ट ठरवावे, ते विद्यार्थ्याच्या कोणत्या कृतीत दिसेल हे लिहावे आणि मगच आशय व उद्दिष्टे यांचा आडवा-उभा तक्ता मांडावा. त्यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम १९५७ साली भारतात आले, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या आणि १९५८ साली केंद्रीय पातळीवर परीक्षा सुधारणेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने घटक चाचणीसाठी आखलेला ‘संविधान तक्ता’ याच परंपरेतला आहे.

हा तक्ता प्रत्यक्षात कसा घडतो आणि कुठे बिघडतो, हे दहावीच्या बीजगणितावरून पाहता येईल. समजा, ४० गुणांची प्रश्नपत्रिका आहे आणि ६० तासिकांपैकी १५ वर्गसमीकरणांना दिल्या आहेत. म्हणजे या प्रकरणाचा भारांश पाव, गुण १०. ते एक गुणाचे दोन वस्तुनिष्ठ, दोन गुणांचे दोन लघुत्तरी आणि चार गुणांचा एक दीर्घोत्तरी अशा प्रश्नांत विभागले, की चौकटींत गुण आणि कंसात प्रश्नसंख्या भरली जाते. चार गुणांच्या शाब्दिक उदाहरणापुढे ‘उपयोजन, कठीण’ आणि मुळांचे स्वरूप ठरवण्याच्या दोन गुणांच्या प्रश्नापुढे ‘आकलन, सोपा’ अशी नोंद होते. आडव्या आणि उभ्या दोन्ही बेरजा ४० येतात.

पण ते शाब्दिक उदाहरण पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचातले असेल आणि फक्त आकडे बदलले असतील, तर वर्षभर गिरवलेल्या मुलासाठी तिथे उपयोजन उरतच नाही, उरते स्मरण. शंभर मुलांना त्या प्रश्नाचे ४०० पैकी ३२० गुण मिळाले, तर त्याचे काठिण्यमूल्य ०.८० निघते, म्हणजे प्रश्न सोपाच होता. आणि ‘सोपा’ म्हणून नोंदलेल्या प्रश्नात एक सहगुणक अपूर्णांक असल्याने २०० पैकी ७० गुण मिळाले, तर मूल्य ०.३५. कागदावरच्या बेरजा अचूक राहिल्या आणि चौकटींतला अर्थ मात्र पालटला. काठिण्य हा केवळ प्रश्नाचा गुणधर्म नव्हे. तो प्रश्न आणि त्या वर्गाने आधी काय शिकले यांच्या नात्यातून ठरतो. म्हणून परीक्षेपूर्वी भरलेला तो स्तंभ अंदाज असतो आणि त्याची परीक्षा उत्तरपत्रिकांवरच होते. मूल्यमापनाच्या मूळ विचारात ही पडताळणी तक्त्याइतकीच आवश्यक होती. आपण तक्ता ठेवला, पडताळणी मागे पडली.

तक्ता जाहीर होऊ लागल्यावर गू यान्वूने पाहिलेलेच आपल्याही घरांत घडू लागले. कोणते प्रकरण किती गुणांचे हे आधी कळावे, यात न्याय आहे आणि तो काढून घेऊ नये. पण त्याबरोबर चार गुणांची प्रकरणे सोडून देण्याचा हिशेबही आला. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर स्तंभांची नावे बदलत आहेत. केंद्रीय मंडळाने २०२४-२५ साठी दहावीत क्षमताधारित प्रश्नांचा वाटा ५० टक्के ठेवला होता. प्रश्न क्षमताधारित आहे असे प्रश्नकर्त्याने लिहिणे आणि तो तसा ठरणे यांत १९५८ साली होते तेवढेच अंतर आजही आहे. मंडळांनी निकालानंतर प्रत्येक प्रश्नाचे नियोजित काठिण्य आणि मुलांना मिळालेले सरासरी गुण शेजारी-शेजारी छापावेत, आणि पुढच्या वर्षीच्या प्रश्नकर्त्याने कोरा तक्ता हाती घेण्यापूर्वी ते पान वाचणे बंधनकारक असावे. शाळेतल्या शिक्षकाला तर एका वर्गाच्या उत्तरपत्रिका घेऊन ही पडताळणी एका दुपारी करता येते.