दुव्यामागचं कमिशन

ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावरचा मिक्सर एखादा परीक्षक मराठीत सुचवतो आणि खाली खरेदीचा दुवा देतो. त्या दुव्यावरून झालेल्या खरेदीत चार हजारांच्या मिक्सरवर पाच टक्के कमिशन धरलं, तर त्याला दोनशे रुपये मिळतात. ग्राहकाला किंमत तीच पडते. पण ज्यावर कमिशन मिळत नाही असा, कदाचित सरस मिक्सर यादीतून गळू शकतो. अॅमेझॉनच्या दुव्यात `tag=` दिसलं, तर कमिशनची शक्यता ओळखावी. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३च्या मार्गदर्शिकेनुसार विक्रेत्याशी असलेला हा आर्थिक संबंध ठळकपणे, शिफारशीच्याच भाषेत सांगायला हवा. वस्तूही परीक्षकाने स्वतः वापरलेली हवी. मराठी शिफारशीखाली इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेला खुलासा ही सरळ फसवणूक आहे. परीक्षकांनी पहिल्याच ओळीत लिहावं: ‘या दुव्यावरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं.’