प्रोसेसर दुकानातच बसवा, पण स्वतःच्या हातानं

नवा पीसी असेंबल करायचा म्हटलं की वसई-विरारच्या पोरापोरींचा कार्यक्रम ठरलेला असतो. महिनाभर पार्ट्सच्या याद्या बनवायच्या, एखाद्या शनिवारी लोकल पकडायची, दादरला स्लोमध्ये बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव काढायचा. (या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं तो कुणी विचारत नाही.) संध्याकाळी सगळी खोकी छातीशी धरून परतीची विरार गाठायची. मग रात्री जेवण झालं की पंख्याखाली बसून, शेजारी मोबाइलवर व्हिडिओ लावून, जुळणी सुरू.

या कार्यक्रमातली एकच गोष्ट बदला, असं माझं म्हणणं आहे. प्रोसेसर घरी बसवू नका, दुकानाच्या काउंटरवर बसवा. आणि तोही दुकानातल्या माणसाकडून नको, स्वतःच्या हातानं. बाकीची जुळणी घरी आरामात करा.

असं का, हे कळायला मदरबोर्डचं सॉकेट नीट बघायला हवं. पूर्वी पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या आणि सॉकेटला नुसती भोकं. इंटेलनं २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणलं तेव्हा हे उलटं झालं. प्रोसेसरच्या खाली सपाट सोनेरी ठिपके आले आणि पिना बोर्डावर गेल्या. एएमडीनंही नेहमीच्या डेस्कटॉपसाठी २०२२ मध्ये एएम ५ सॉकेटपासून हाच मार्ग धरला. म्हणजे आज नवा पीसी घेताय तर पिना बहुधा बोर्डातच असणार. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये त्या १७००, एएम ५ मध्ये १७१८. आणि ही सगळी गर्दी जेमतेम काड्यापेटीएवढ्या जागेत. दोन पिनांमधलं अंतर एक मिलिमीटरही नाही. प्रत्येक पिन म्हणजे एका बाजूला कललेली बारीक स्प्रिंग. वरून सरळ दाब आला तर ती छान दबते आणि परत उठते. पण आडवा धक्का तिला सोसत नाही. प्रोसेसरचा एक कोपरा निसटून आत पडला, बोट लागलं किंवा कापडाचा धागा अडकला, की ती वाकली.

आता पैशाचं बघा. वाकलेली पिन बहुतेक कंपन्या ‘फिजिकल डॅमेज’ धरतात आणि ते वॉरंटीत बसत नाही. बोर्ड खोक्यातूनच तसा आला होता, हे तुम्ही घरी गेल्यावर सांगून उपयोग नसतो. दुकानदार म्हणणार, तुमच्याकडून वाकली. तुम्ही म्हणणार, नाही. दोघांपैकी कुणाकडेच पुरावा नाही आणि सामान तुमच्या घरात आहे. मग भुर्दंड कुणाला, हे वेगळं सांगायला नको. काउंटरवर मात्र सॉकेट दोघांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उघडतं. तिथं पिन वाकलेली दिसली तर बोर्ड बदलून मिळायची शक्यता असते. घरून परत आलेल्या बोर्डाला ती जवळपास नसतेच.

काउंटरवरची पाच मिनिटं

पैसे देण्याआधीच दुकानदाराला विचारा, ‘दादा, सॉकेट बघून प्रोसेसर इथंच बसवला तर चालेल ना?’ हो म्हणाला की बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीतून काढून त्याच्याच खोक्यावर सपाट ठेवा. सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण असेल. ते उपटू नका. कडेची दांडी खाली दाबून बाहेर सरकवा, मग वर उचला. धातूची चौकट झाकणासकट वर येते आणि पिना उघड्या होतात.

आता मोबाइलचा टॉर्च लावा आणि तिरक्या कोनातून बघा. लावणी झालेल्या खाचरात बांधावरून पाहिलं की रोपांच्या ओळी सरळ दिसतात, तशा पिना दिसल्या पाहिजेत. सगळ्यांची चमक एकसारखी, एका दिशेनं. बोर्ड हळूच फिरवून चारही बाजूंनी बघा. ओळीत एखादा ठिपका वेगळा चमकला किंवा तिथं काळी फट दिसली, तर थांबा. हात लावू नका, फोटो काढा आणि दुसरा बोर्ड मागा. सगळं ठीक असलं तरी झूम करून एक फोटो काढून ठेवाच.

मग प्रोसेसर. तो फक्त कडांनी धरायचा, अंगठा एका बाजूला आणि बोट समोरच्या बाजूला. खालच्या सोनेरी ठिपक्यांना बोट लागू द्यायचं नाही. स्टॅटिकची भीती आपल्याकडच्या दमट हवेत कोरड्या प्रदेशापेक्षा कमी, तरी आधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या. आपला खरा वैरी घाम. हात कोरडे हवेत, कारण निसटलेला प्रोसेसर कोपऱ्यावरच पडतो.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो. तसाच त्रिकोण सॉकेटच्या एका कोपऱ्यापाशीही असतो. दोन्ही एकाच कोपऱ्यात आणा. शिवाय प्रोसेसरच्या कडेला खाचा आहेत आणि सॉकेटला त्यात बसणारे उंचवटे. एएम ५ चा प्रोसेसर चौरस आहे, त्यामुळे चुकीच्या तीन दिशांनीही तो बसेलसा वाटतो. तिथं त्रिकोण बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. दिशा जुळली की प्रोसेसर सॉकेटच्या बरोबर वर, सपाट आणून अलगद खाली ठेवा. ठेवायचा, दाबायचा नाही. चारही कोपरे सारखे बसलेत का बघा. बसले नसतील तर पिनांवर घासत सरकवू नका. सरळ वर उचला आणि पुन्हा ठेवा.

शेवटी चौकट खाली आणा आणि दांडी अडकवा. इथं बरेच जण घाबरतात, कारण दांडीला चांगलाच जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. ते तसंच असतं. प्रोसेसर नीट बसलाय याची खात्री असेल तर दाबा. दाबताना काळं झाकण आपोआप उडून येतं. ते फेकू नका. पुढं कधी बोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला तर पिनांवर तेच लावावं लागतं.

आता तुमच्या १७०० पिना प्रोसेसरखाली कुलूपबंद आहेत. त्यांच्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही. बोर्ड पिशवीत घालून खोक्यात ठेवा. कूलर मात्र घरी लावा. त्याचं वजन बोर्डावर लटकत लोकलच्या गर्दीत नको.

पिन वाकली हे कळणार कसं?

पीसी चालू होतोय म्हणजे पिना ठीक, असं समजू नका. बऱ्याच पिना वीज आणि ग्राउंडच्या असतात. त्यातली एखादी वाकली तर काही जाणवणारही नाही. ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी वाकली तर कार्ड चालतं, पण कमी लेनवर. सगळ्यात फसवी असते ती रॅमची.

समजा, तुम्ही ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या आणि टास्क मॅनेजर १६ ऐवजी ८ च दाखवतोय. पहिला संशय रॅमवर जातो आणि पोरं पट्टी बदलायला पुन्हा ग्रँट रोड गाठतात. त्याआधी घरीच एवढं करा. पीसी बंद, प्लग काढलेला. पहिली पट्टी एकटी ए-२ स्लॉटमध्ये लावून सुरू करा. चालली? मग तिच्या जागी दुसरी लावा. तीही चालली, म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत. आता एकेक करून बी-२ मध्ये लावा. दोन्ही वेळा स्क्रीन काळी आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा तसाच पेटलेला, तर दोष पट्टीत नसून बी चॅनेलच्या वाटेत आहे. ती वाट स्लॉटपासून सॉकेटच्या पिनांमधून प्रोसेसरपर्यंत जाते.

इथं आधी कूलरचे स्क्रू सैल करून, कोपऱ्यासमोरचा कोपरा असे थोडे थोडे, सारखे आवळा. एका बाजूनं जास्त दाब पडला तरी असंच होतं. फरक नाही पडला तर कूलर आणि प्रोसेसर काढून टॉर्च घ्या. पिन शेजारणीला टेकलेली दिसली तर ‘एकदा चालू करून बघू’ मुळीच करू नका. शॉर्ट झालं तर प्रोसेसरही जाईल.

किंचित कललेली पिन बारीक सुईनं, भिंगाखाली, शेजारच्या पिनांच्या दिशेला अगदी हलकेच सरकवता येते. पण एकदाच. मागं-पुढं केलं की ती तुटते. तुटली तर सॉकेटच बदलावं लागतं आणि त्यापेक्षा बहुधा नवा बोर्ड परवडतो. सॉकेटमध्ये थर्मल पेस्ट गेली तर कापूस किंवा कापड फिरवू नका. पिना वाकवायचा तो सगळ्यात खात्रीशीर उपाय आहे.

सेकंडहँडवाल्यांसाठी दोन शब्द. झाकण नसलेला बोर्ड सॉकेट बघितल्याशिवाय घेऊ नका. जुना एएम ४ घेताय तर पिना प्रोसेसरलाच आहेत. त्याचा कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

दुकानदार कुरकुर करेल, हे मान्य. शनिवारी दुपारी काउंटरवर जागा नसते, आणि ‘खोकं उघडलं तर परत घेणार नाही’ हे ठरलेलं वाक्य ऐकायला मिळेल. मग आडवारी जा. बसवू देत नसेल तर निदान सॉकेट उघडून फोटो तरी काढू द्या म्हणा. तेही नको म्हणाला, तर लॅमिंग्टन रोडवर दुकानांची कमी नाही. आणि ‘तुम्ही राहू द्या, आमचा पोरगा दोन मिनिटांत बसवतो’ असं म्हणाला तर हसून नाही म्हणा. तो दिवसात कितीतरी बसवत असेल, पण त्याच्या हातून वाकलेली पिन कुठल्या मिनिटाला वाकली हे तुम्हाला दिसणार नाही. तुमच्या हातात प्रोसेसर असेल तर तुम्हाला ते माहीत असेल.