साइट बंद करा, पत्ता सोडू नका

आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी, मदतकार्यासाठी किंवा एखाद्या मोहिमेसाठी मोठ्या उत्साहाने वेबसाइट काढली जाते. काही वर्षांनी कार्यकर्ते नोकरी-संसारात पांगतात आणि साइट बंद करायचे ठरते. ती बंद करण्याची आपली रीत एकच: यंदा डोमेनचे पैसे भरायचे नाहीत. याला काटकसर म्हटले जाते. मला ती अमानतीतली हयगय वाटते.

साइट म्हणजे घरातले सामान आणि डोमेन म्हणजे घराचा पत्ता. सामान हलवले तरी लोक पत्त्यावर येतच राहतात. जुन्या बातम्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, कॉलेजच्या सूचनाफलकावरचा क्यूआर कोड, सगळे त्याच पत्त्याकडे बोट दाखवतात. .org किंवा .com डोमेनची मुदत संपली की काही दिवसांची सवलत मिळते, मग जादा शुल्क भरून सोडवून घेण्यासाठी ३० दिवस आणि शेवटी ५ दिवसांनी नाव खुले होते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. जुन्या, विश्वासाच्या पत्त्यांवर नजर ठेवून बसलेले व्यापारी असतातच. ‘द हेअरपिन’ ही अमेरिकी महिलांची लोकप्रिय साइट २०१८ मध्ये बंद झाली. पुढे तिचे डोमेन दुसऱ्याच्या हाती गेले. तिथे निकृष्ट मजकूर भरला गेला आणि जुन्या लेखांवर मूळ लेखिकांऐवजी भलतीच नावे आली.

आता आपल्याजवळचे उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातल्या शिष्यवृत्ती समितीची साइट आहे. तिच्यावर अर्जाचा फॉर्म, देणगीचे पान आणि दहा वर्षांचे अहवाल आहेत. समितीचे काम आता जिल्हा संस्थेकडे गेले आहे.

पहिले काम ईमेलचे, आणि तेच सगळे विसरतात. डोमेन ज्याच्या हाती, त्या डोमेनवर येणारी पत्रेही त्याच्याच हाती. समितीचे फेसबुक पेज किंवा पेमेंट गेटवे त्या ईमेलवर नोंदले असेल, तर नवा मालक ‘पासवर्ड विसरलो’ दाबून आत शिरू शकतो. म्हणून आधी अशा सगळ्या खात्यांचा ईमेल बदला. डोमेन जिथे नोंदवले आहे, तिथला संपर्क ईमेल तर त्याच डोमेनवरचा असूच नये. नाहीतर नूतनीकरणाची आठवण बंद पडलेल्या पेटीत जाते.

दुसरे काम जतनाचे. फॉर्म आणि देणगीचे पान आधी काढून टाका. अर्जदारांचे फोन, पत्ते, उत्पन्नाचे दाखले संग्रहात जाता कामा नयेत. मग साइटची साधी, डेटाबेसविना चालणारी प्रत काढा:

```
wget --mirror --convert-links --adjust-extension --page-requisites https://example.org/
```

ही प्रत इंटरनेट बंद करून उघडून पाहा. चित्रे दिसत नसतील किंवा पीडीएफ उघडत नसतील, तर ती दुसऱ्या सर्व्हरवर राहिलेली असतात. ती हाताने उतरवा. महत्त्वाची पाने web.archive.org/save येथेही नोंदवा. मात्र तेवढ्यावर विसंबू नका, तिथे सगळी पाने आपोआप जात नाहीत.

तिसरे काम येणाऱ्याला वाट दाखवण्याचे. जुना प्रत्येक दुवा नव्या साइटच्या मुखपृष्ठावर पाठवणे ही नेहमीची चूक. २०१६ चा अहवाल शोधणाऱ्याला मुखपृष्ठ दिसले, तर तो निघून जातो. अर्जाचे पान जिल्हा संस्थेच्या अर्जाकडे जावे आणि बाकीची पाने संग्रहातल्या त्याच पानाकडे. अपाचे सर्व्हरवर हे दोन ओळींत होते:

```
Redirect 301 /arj https://new.example.net/arj
Redirect 301 / https://archive.example.net/
```

आधी विशिष्ट पान, मग सर्वसाधारण नियम, हा क्रम पाळा. जतन करताना पानांच्या नावांना .html जोडले गेले असेल, तर जुने दुवे चुकतील; म्हणून पाच-दहा जुने दुवे स्वतः दाबून पाहा. आणखी एक अडचण सहा महिन्यांनी कळते: जुन्या डोमेनचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र संपले, की ब्राउझर वाट दाखवण्याआधीच धोक्याची सूचना देतो. तेव्हा प्रमाणपत्र आपोआप नवे होण्याची सोय जुन्या पत्त्यावरही चालू ठेवा.

हे सगळे कुठवर चालवायचे? गूगल किमान एक वर्ष सांगते, पण ते शोधयंत्राचे गणित झाले. आपल्या क्यूआर कोडचे आयुष्य त्याहून मोठे असते. .org डोमेन एका वेळी १० वर्षांसाठी घेता येते. म्हणून माझा आग्रह असा की, साइट बंद करण्याच्या ठरावातच ही रक्कम मंजूर करावी, डोमेन संस्थेच्या नावावर करावे आणि खात्याची माहिती दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी. पैसे शिल्लक नसतील, तर निदान डोमेन जिल्हा संस्थेच्या ताब्यात द्यावे.

ज्या पत्त्यावर लोकांनी जकात पाठवली, त्याच पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात झळकली, तर समिती कधीच बंद झाली, हे कोणाला समजावत बसणार?