हप्ते वेळेवर, तरीही करार मोडला

माधवनगरच्या पेठेत एखाद्या कारखान्याचे कर्ज अडचणीत आल्याची वार्ता पसरली, की ऐकणारा पहिला प्रश्न एकच विचारतो : हप्ते किती थकले? प्रश्न स्वाभाविक आहे. कर्ज म्हणजे हप्ता आणि हप्ता चुकला म्हणजे थकबाकी, एवढेच आपण शिकत आलो आहोत. परंतु एकही हप्ता न चुकवता कर्जाचा करार मोडू शकतो आणि तसे घडल्यावर धनकोच्या हाती कोणते अधिकार येतात, ही गोष्ट सही करणाऱ्या ऋणकोलाही बहुधा पुरती ठाऊक नसते. त्याच्यासाठी जामीन राहणाऱ्या मेहुण्याला किंवा मित्राला तर नाहीच नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. माधवनगरातील कापड विणणाऱ्या एका खासगी मर्यादित कंपनीने बँकेकडून दहा वर्षांच्या मुदतीचे ५ कोटी रुपयांचे कर्ज काढले. माग आणि कारखान्याची जागा तारण दिली. संचालकांनी वैयक्तिक हमी लिहून दिली. करारात व्याज आणि हप्ते यांच्या पुढे तीन वचने होती. पहिले, बँकेच्या लेखी संमतीखेरीज कंपनी आपल्या कोणत्याही मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचा बोजा चढवणार नाही. यास निगेटिव्ह प्लेज म्हणतात. दुसरे, कंपनीची आर्थिक प्रकृती ठरावीक आकड्यांच्या आत राहील. या झाल्या वित्तीय अटी. तिसरे, कंपनीने अन्य कोणाचे कर्ज चुकवले तर ते या बँकेचेही कर्ज चुकवल्यासारखे धरले जाईल. हे क्रॉस डिफॉल्टचे कलम होय.

प्रथम पहिले वचन पाहू. कंपनीचे एक गोदाम बँकेकडे तारण नव्हते. सूत खरेदीसाठी पैसा हवा म्हणून कंपनीने ते एका वित्तसंस्थेकडे गहाण टाकले. कंपनीने चढवलेला बोजा तीस दिवसांच्या आत कंपनी निबंधकांकडे नोंदवावा, असे कंपनी कायद्याचे कलम ७७ सांगते. तशी नोंद झाली आणि वार्षिक तपासणीत ती बँकेच्या दृष्टीस पडली. आता गोदाम कोणाचे? येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. निगेटिव्ह प्लेज हे तारण नव्हे, ते केवळ वचन आहे. त्या वचनाने गोदामावर बँकेचा हक्क निर्माण होत नाही. वित्तसंस्थेने वचनाची माहिती नसताना प्रामाणिकपणे गहाण घेतले असेल, तर गोदामावर तिचाच हक्क राहतो. व्यवहार घडण्यापूर्वी सुगावा लागला असता, तर बँकेला न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता आला असता. गहाणखत झाल्यावर मात्र बँकेचा रोख गोदामावर नव्हे, वचन मोडणाऱ्या कंपनीवर वळतो.

दुसरे वचन आकड्यांचे. बँका ज्यास डी.एस.सी.आर. म्हणतात ते कर्जफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर १.२५ च्या खाली जाऊ नये, अशी अट होती. त्या वर्षी कंपनीस करानंतर ४० लाख रुपये नफा झाला. त्यात घसाऱ्याचे ३० लाख आणि व्याजाचे ५० लाख मिळवले, म्हणजे कर्ज फेडण्यास उपलब्ध रक्कम १२० लाख झाली. फेडायचे होते मुद्दलाचे ५० लाख आणि व्याजाचे ५० लाख, मिळून १०० लाख. गुणोत्तर १.२० आले. हप्ता एकही चुकला नाही, व्याजाचा पैसा राहिला नाही, कंपनी नफ्यात आहे आणि तरीही अट मोडली. पाच लाख रुपये अधिक मिळते तर ती पाळली गेली असती. हे अन्यायाचे वाटेल, परंतु या अटीचा हेतूच तो आहे. हप्ता थकतो तेव्हा आजार अंथरुणाला खिळलेला असतो. गुणोत्तर घसरते तेव्हा नुसता ताप आलेला असतो. धनकोला ताप असतानाच वैद्य बोलावण्याचा अधिकार हवा असतो.

तिसऱ्या वचनाची साखळी सर्वांत लांब पोहोचते. कंपनीने नवे माग दुसऱ्या एका संस्थेकडून हप्त्यांवर घेतले होते. मागांत दोष निघाला म्हणून संचालकांनी १२ लाखांचा हप्ता रोखून धरला. त्यांच्या दृष्टीने ही दोन व्यापाऱ्यांतील कुरबूर होती. पण करारात मर्यादा १० लाखांची होती आणि वाद चालू असलेली रक्कम वगळण्याची तरतूद नव्हती. त्यामुळे बँकेच्या कागदावर तोही कसूर ठरला. या कलमाची एक सौम्य जात आहे. तीनुसार दुसऱ्या धनकोने आपले संपूर्ण कर्ज प्रत्यक्ष परत मागितले तरच पहिल्याला हालचाल करता येते. दोहोंतील भेद एका वाक्याचा असतो, परिणाम मात्र एका कारखान्याचा.

मोठ्या प्रमाणावर ही साखळी कशी ओढली जाते, याचे उदाहरण आपल्या परिसराच्या क्षितिजावर उभे आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या ज्या पुण्याच्या सुझलॉन कंपनीने उभारल्या, तिने परदेशात परिवर्तनीय रोखे विकून डॉलर उभे केले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे रोखे फेडण्याची वेळ आली. कंपनीने चार महिन्यांची मुदतवाढ मागितली, रोखेधारकांनी ती नाकारली आणि पैसे चुकते झाले नाहीत. एका रोख्याचा हा कसूर तेवढ्यावर थांबणारा नव्हता. ज्या ज्या करारांत क्रॉस डिफॉल्टचे कलम असते, त्या त्या धनकोला अशा वेळी दार उघडे होते. कंपनीच्या जर्मन उपकंपनीकडे रोकड होती, पण ती त्या उपकंपनीने आपल्या धनकोंना दिलेल्या वचनांनी बांधलेली होती. पुण्याच्या गरजेसाठी ती मोकळेपणी आणता येत नव्हती. म्हणजे एका ठिकाणच्या कराराने संकट पसरत होते आणि दुसऱ्या ठिकाणच्या कराराने मदत अडत होती.

मग धनकोंनी काय केले? पवनचक्क्यांचे लिलाव पुकारले नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये भारतीय बँकांनी सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाची पुनर्रचना मान्य केली, फेडीस उसंत दिली. रोखेधारकांशी तडजोड पुढे झाली, आणि जानेवारी २०१५ मध्ये ती जर्मन उपकंपनी १०० कोटी युरोंना विकण्याचा करार झाला. कराराचा भंग धनकोला मालमत्ता देत नाही, तो त्यास वाटाघाटीच्या मेजावर वरची खुर्ची देतो, हा या प्रकरणाचा बोध आहे.

माधवनगरच्या आपल्या कंपनीकडे परत येऊ. बँकेपुढे पायऱ्या आहेत. सर्वांत खालची म्हणजे त्या वेळेपुरती लेखी सूट देणे, आणि बदल्यात काही मागणे : गोदामावर दुय्यम बोजा, संचालकांनी आणखी भांडवल घालणे, लाभांश थांबवणे. त्यावरची, उचल न झालेली कर्जाची रक्कम अडवणे. त्यावरची, दंड आकारणे. मात्र येथे बँकेस आता मोकळे रान नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार महत्त्वाच्या अटींच्या भंगाबद्दल दंड घ्यायचा तो शुल्क म्हणून घ्यावा लागतो. तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना हा नियम लागू आहे. सर्वांत वरची पायरी म्हणजे संपूर्ण कर्ज मुदतीपूर्वी परत मागणे. दहा वर्षांचे कर्ज त्या दिवशी एका नोटिशीच्या मुदतीचे होऊन बसते.

कायद्याची धारदार हत्यारे या शेवटच्या पायरीच्या पलीकडे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गुणोत्तर १.२० आले एवढ्यावरून २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला कारखान्यास कुलूप लावता येत नाही. त्यासाठी फेडीत कसूर आणि खाते अनुत्पादक ठरणे या दोन्ही गोष्टी लागतात. देय रक्कम नव्वद दिवसांहून अधिक थकली म्हणजे खाते अनुत्पादक होते. त्यानंतर साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ऋणकोने हरकत घेतली तर पंधरा दिवसांत तिला कारणांसह उत्तर द्यावे लागते. ताबा घेतल्यावरही पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले. दिवाळखोरी संहितेतही कसूर म्हणजे देय झालेले पैसे न देणे, आणि मार्च २०२० पासून त्याची किमान मर्यादा १ कोटी रुपये आहे. पाच लाखांनी हुकलेली अट या मर्यादेत बसत नाही. परंतु बँकेने उरलेले साडेचार कोटी मुदतीपूर्वी मागितले आणि ते न मिळाले, तर बसते. अटीचा भंग आणि पैशाचा कसूर यांच्यामधील पूल म्हणजे ती मुदतपूर्व मागणी होय. म्हणूनच ती नोटीस येण्यापूर्वीचे आठवडे ऋणकोस सोन्याच्या मोलाचे असतात.

बहुतेक कंपन्या नेमके तेच आठवडे गप्प राहून घालवतात. वर्षअखेरीस आकडा हुकणार हे हिशेबनिसाला जानेवारीत दिसू लागते. मार्चच्या आत सूट मागणारा ऋणको आणि ताळेबंदात पकडला गेलेला ऋणको यांच्याकडे बँक एकाच नजरेने पाहत नाही. तोंडी सूटही उपयोगाची नाही. बँकेने वर्षभर मुकाट्याने हप्ते घेतले म्हणून तिने हक्क सोडला असे होत नाही, कारण तसे समजू नये असे कलम बहुधा त्याच करारात छापलेले असते. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात : चूक दुरुस्त करण्यास ठरावीक दिवस, क्रॉस डिफॉल्टसाठी धंद्याच्या आकाराला साजेशी मर्यादा, आणि वादग्रस्त रकमेला सूट. लहान ऋणकोस सगळे मिळेल असे नाही, परंतु न मागणाऱ्यास काहीच मिळत नाही.

राहिला जामीनदार. संचालकाच्या शब्दाखातर हमीपत्रावर सही करणारा शिक्षक किंवा कारकून आपण हप्त्यांची हमी घेतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो ज्या गोदामाचे त्याने नाव ऐकलेले नाही, जे गुणोत्तर त्याने कधी मांडलेले नाही आणि ज्या सदोष मागांचा वाद त्याच्या कानावर आलेला नाही, त्या सर्वांच्या परिणामांची हमी घेत असतो. संपूर्ण कर्ज परत मागितले गेले की ती मागणी त्याच्याही दारी येते. तेव्हा सही करताना त्याने हप्ता किती, एवढेच विचारून थांबू नये. करारात आणखी कोणती वचने दिली आहेत, हे वाचून घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्या अधिकाराची वेळ सहीपूर्वीचीच आहे.