दुसऱ्या मोजणीची तारीख

सोमवारी एक बाई परत आल्या. आठ महिन्यांपूर्वी आमच्याच विद्यार्थ्याने बसवलेला खालचा डावा ब्रिज त्यांनी गाल ओढून दाखवला. ३५ क्रमांकाच्या दातावर कॅपची कड उघडी पडली होती, खालचं मूळ दिसत होतं आणि गार पाणी लागलं की कळ येत होती. भोवती उभ्या मुलांचं एकमत झालं, ‘लॅबने कॅप आखूड केली.’ मला राग आला तो या उत्तराचा. कॅप आखूड नव्हती. बसवली तेव्हा ती हिरडीच्या आत होती. नंतर हिरडी खाली गेली.

मी त्यांचा केसपेपर काढला आणि त्याच महिन्यातला दुसरा एक केसपेपर शेजारी ठेवला. दोघी साधारण एका वयाच्या. दोघींची ३६ नंबरची दाढ आधीच काढलेली, उजवीकडची ४६ रात्रभर ठणकत होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. पहिल्या दिवशी दोन्ही विद्यार्थ्यांनी योग्य तेच केलं. ४६ उघडून नस काढली, तात्पुरतं फिलिंग भरलं. सूज वा ताप नव्हता, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. तातडीचा टप्पा तिथे संपला.

पहिल्या पेपरवर पुढे रूट कॅनाल आहे, स्केलिंग आहे आणि बाराव्या दिवशी ब्रिजसाठी दात घासून माप घेतल्याची नोंद आहे. ‘माप घेताना रक्त आलं’ असंही प्रामाणिकपणे लिहिलंय. त्या एका ओळीवर काम थांबायला हवं होतं. सुजलेली हिरडी फुगून वर आलेली असते. तिच्या आत अर्धा मिलिमीटर कड लपवली आणि महिन्याभराने सूज उतरली, तर हिरडी त्या कडेच्याही खाली जाते.

दुसऱ्या पेपरवर पहिल्या दिवसानंतर ब्रिजचं नाव बराच काळ येत नाही. आधी प्लाकचा तक्ता आणि ब्रश कसा करायचा याचं शिक्षण. मग स्केलिंग, रूट प्लेनिंग, किडलेल्या दोन दाढांत ग्लास आयनोमर, वाचण्यासारखं नसलेलं एक मूळ काढणं आणि ४६चं रूट कॅनाल पूर्ण करून पक्कं फिलिंग. कॅप लांबणार म्हणून दाढ तडकू नये यासाठी तिचे उंचवटे थोडे कमी केले. आजार ताब्यात आणण्याचा टप्पा तो हाच. त्यानंतर सहा आठवडे थांबून पुन्हा प्रोबिंग.

हे सहा आठवडे कशासाठी? रूट प्लेनिंगनंतर हिरडीचा आतला पातळ थर आठवड्या-दोन आठवड्यांत भरतो, पण खालच्या तंतूंना चार ते आठ आठवडे लागतात. त्याआधी प्रोब घातला तर तो कच्च्या ऊतीत घुसतो, आकडा फसवा येतो आणि भरत आलेली जागा दुखावते. या रुग्णात ३५ आणि ३७ जवळची सहा मिलिमीटरची पॉकेट्स चारवर आली, रक्त थांबलं. म्हणजे ब्रिजचे दोन्ही आधार भरवशाचे ठरले. पण वरच्या २७ला मुळांच्या फाट्यापाशी सात होते ते सातच राहिले. त्या दाढेवरही कॅप ठरली होती. ती रद्द झाली आणि रुग्णाला शस्त्रक्रिया किंवा दाढ काढणं, असे दोन पर्याय सांगितले गेले. दुसऱ्या मोजणीने योजनाच बदलली. मोजणीचं काम तेच असतं.

टप्पे म्हणजे भिंती नव्हेत. रूट कॅनाल तातडीत सुरू होऊन पुढच्या टप्प्यात संपतं. समोरचा दात पडलेल्या माणसाला तात्पुरता दात पहिल्याच आठवड्यात द्यावा. लांबच्या गावचा रुग्ण असेल तर स्केलिंग आणि फिलिंग एकाच लांब बैठकीत उरकावं. मात्र कायमचं माप त्या बैठकीत घेऊ नये.

मुलं घाई का करतात, हे मी या स्तंभात अनेकदा लिहिलंय: कोटा. सत्र संपण्याआधी एक ब्रिज दाखवायचा असतो आणि थांबलेल्या सहा आठवड्यांना गुण नसतात. माझ्याकडे याची आकडेवारी नाही, पण दर मार्चमध्ये मापांची गर्दी मी पाहतो. दुसऱ्या मोजणीला कोट्यात गुण द्या, ही माझी मागणी कायम आहे.

दुसऱ्या रुग्णाला ब्रिज बसल्यावर दर तीन महिन्यांनी बोलावलं जातं, कारण साफ केलेल्या पॉकेटमध्ये जिवाणू साधारण तेवढ्याच काळात पुन्हा जमतात. सोमवारच्या बाईंचा ब्रिज आता कापून काढावा लागेल, हिरडी स्थिर होईपर्यंत तात्पुरता बसवावा लागेल आणि मग नवं माप. म्हणजे जे सहा आठवडे वाचवले होते, ते आता द्यावेच लागणार आहेत. केसपेपर तपासताना मी यापुढे आधी दुसऱ्या प्रोबिंगची तारीख बघेन. ती नसेल तर ब्रिजच्या पानावर सही करणार नाही.