झालेला दिवस पुन्हा चालवून पाहताना

बँकांमध्ये संगणक आले तेव्हा काही काळ हाताने लिहिलेली खतावणी आणि संगणकावरील खतावणी जोडीने चालत असे. संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा जुळल्या, तरच संगणकाचा आकडा खरा मानला जाई. शेअर बाजारात स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमकडून सौदे करवू पाहणाऱ्यांना आज नेमकी हीच शिस्त हवी आहे. ब्रोकर मंडळी एपीआयची सोय देऊ लागल्यापासून व्यापारी घरांतील कित्येक तरुण असे प्रोग्रॅम लिहितात. मागील वर्षांच्या आकड्यांवर प्रोग्रॅम नफा दाखवतो, आणि मग घरची बचत त्याच्या हाती द्यावी काय, हा प्रश्न उभा राहतो.

मागील आकड्यांवरची ही परीक्षा बहुधा निराळ्याच प्रोग्रॅमने घेतलेली असते. ज्याची परीक्षा झाली तो एक आणि जो उद्या पैसे हाताळणार तो दुसरा. यावर उपाय असा की, बाजार चालू असताना ब्रोकरकडून येणारी प्रत्येक नोंद जशीच्या तशी साठवून ठेवावी आणि नंतर तीच नोंद त्याच क्रमाने, उद्या प्रत्यक्ष चालणाऱ्या त्याच प्रोग्रॅमला पुरवावी. प्रोग्रॅमची फक्त दोन टोके बदलायची. भाव थेट बाजारातून येण्याऐवजी साठवलेल्या फाइलमधून येतात, आणि ऑर्डर खऱ्या ब्रोकरकडे जाण्याऐवजी एका नकली ब्रोकरकडे जाते. मधला निर्णय घेणारा भाग एका अक्षरानेही बदलता कामा नये. शिवाय ज्या संगणकावर ही तालीम चालते, तेथे खऱ्या खात्याचा पासवर्ड अथवा एपीआयची किल्ली मुळीच नसावी. ‘चाचणी चालू’ असा एखादा खटका प्रोग्रॅममध्ये ठेवणे पुरेसे नाही, कारण तो खटका बदलायचा राहून जाऊ शकतो. किल्लीच नसेल, तर चुकूनही खरा सौदा होणार नाही.

नोंद साठवताना भावाबरोबर बाजाराने दिलेली वेळ आणि ती नोंद आपल्या संगणकावर पोहोचल्याची वेळ, अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. त्याचबरोबर खरेदीदार व विक्रेते यांचे वरचे पाच भाव आणि त्या भावांना उपलब्ध असलेली संख्याही ठेवावी. त्यांचा उपयोग पुढे दिसेल.

पहिली अडचण घड्याळाची येते. बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतो, पण तालीम बहुधा रात्री होते. प्रोग्रॅममध्ये कोठेही `datetime.now()` लिहिलेले असेल, तर तो संगणकाच्या भिंतीवरचे घड्याळ पाहील, रात्रीचे दहा वाजले आहेत असे समजेल आणि सव्वातीननंतर सौदा करायचा नाही या नियमाने दिवसभर स्वस्थ बसेल. एकही सौदा झाला नाही, तर प्रथम हीच शंका घ्यावी. वेळ नेहमी एकाच ठिकाणाहून विचारावी, आणि तालमीत त्या ठिकाणी नोंदीतील वेळ द्यावी. मग ३७५ मिनिटांचा बाजार काही मिनिटांत चालवला, तरी प्रोग्रॅमला फरक कळत नाही.

दुसरी अडचण भावाची असते. उदाहरणादाखल एका साध्या नियमाचा विचार करावा. पहिल्या पंधरा मिनिटांतील उच्चांक ४१२.४० रुपये आहे. पाच मिनिटांची कँडल त्याच्या वर बंद झाली की १०० शेअर घ्यायचे आणि ३:१५ ला विकायचे. ९:३५ ते ९:४० ही कँडल ४१२.८० वर बंद झाली. कँडलच्या फाइलवर घेतलेली परीक्षा ४१२.८० लाच खरेदी लिहून मोकळी होते. मात्र कँडल पूर्ण झाली, हे प्रोग्रॅमला ९:४० नंतरची पहिली नोंद आल्यावरच समजते. त्या क्षणी ४१३.०५ ला केवळ ४० शेअर विक्रीस आहेत आणि पुढचे ४१३.२० ला आहेत. प्रामाणिक नकली ब्रोकर ४० शेअर एका भावाने व ६० दुसऱ्या भावाने देतो, आणि सरासरी ४१३.१४ पडते. फरक ३४ पैशांचा, म्हणजे शंभर शेअरवर ३४ रुपयांचा. विकतानाही तेवढाच फटका बसला, तर ६८ रुपये गेले. कँडलच्या हिशेबात दर सौद्याला सरासरी ६० रुपये नफा दिसत असेल, तर तो येथेच संपला. विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के दराने सुमारे दहा रुपये एसटीटी आणि दलाली अजून द्यायचीच आहे.

यंत्रणेवर कितपत विसंबावे, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. एक दिवस बाजार चालू असताना प्रोग्रॅम थेट भावांवर चालवावा, पण ऑर्डर नकली ब्रोकरकडेच पाठवाव्या, आणि त्याच वेळी नोंदीही साठवाव्या. रात्री त्या नोंदी पुन्हा चालवाव्या. दोन्ही वेळच्या ऑर्डरच्या याद्या ओळीला ओळ जुळल्या पाहिजेत. जेथे पहिली तफावत दिसेल, तेथे नोंद गळालेली असते, क्रम उलटलेला असतो किंवा घड्याळ चुकलेले असते.

यानंतर विचित्र दिवस चालवून पाहावे. दिनांक २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे ११:४० ला थांबले आणि ३:४५ ला पुन्हा सुरू होऊन ५ वाजेपर्यंत चालले. वरचा प्रोग्रॅम त्या दिवशी १०० शेअर घेऊन बसला असता, तर ३:१५ ला काय झाले असते? वेळ केवळ नवी नोंद आल्यावर तपासली जात असेल, तर ३:१५ वाजल्याचे त्याला ३:४५ ला कळले असते. वेळ स्वतंत्रपणे तपासली जात असेल, तर ३:१५ ला ऑर्डर गेली असती व नाकारली गेली असती. नकार न वाचता प्रोग्रॅमने ‘विकले’ अशी नोंद केली, तर शेअर हाती असूनही तो निश्चिंत राहतो.

तिसरी शक्यता अधिक घातक आहे. त्या दिवशी काही ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात परस्पर बंद केले. प्रोग्रॅमने ३:४५ ला पुन्हा १०० शेअर विकले असते, तर हाती नसलेल्या शेअरची विक्री झाली असती. म्हणून विकण्यापूर्वी खात्यात प्रत्यक्ष किती शेअर शिल्लक आहेत, हे ब्रोकरला विचारणारी पायरी हवी. पण ब्रोकरची ही कृती भावांच्या नोंदीत उमटत नाही. ती नकली ब्रोकरला मुद्दाम शिकवावी लागते, आणि ऑर्डर नाकारणे किंवा उत्तरच न देणे हेही शिकवावे लागते.

तालमीला एक मर्यादा कायम राहते. साठवलेल्या बाजाराला आपली ऑर्डर दिसत नाही. शंभर शेअरने भाव हलत नसला, तरी उलाढाल कमी असलेल्या लहान कंपनीत पाच हजार शेअरची ऑर्डर भाव वर ढकलते, आणि तो परिणाम कोणत्याही फाइलमध्ये सापडत नाही. तसेच प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे वागतो की नाही, एवढेच या पद्धतीने सिद्ध होते. सांगितलेला नियम फायद्याचा आहे की नाही, याचा निवाडा मूठभर दिवसांच्या तालमीवरून करता येत नाही.