रिटर्न गिफ्टचा भाव नीट वाचा

कोपरीत लग्न किंवा पहिला वाढदिवस ठरला की घरातलं कुणीतरी मोबाइलवर रिटर्न गिफ्टचे फोटो पाहायला लागतं. फोटोखाली 'साठ रुपये नग' दिसलं की पाहुण्यांच्या आकड्याला साठने गुणून बजेट पक्कं होतं. इथेच जरा थांबा. तो साठ किती नगांना आहे? बहुतेक ठिकाणी जाहिरातीतला भाव मोठ्या मालाचा असतो, आणि तो नुसत्या वस्तूचा असतो.

समजा, लग्नासाठी स्टीलच्या 250 डब्या हव्यात. तेवढ्याला साठचा भाव मिळाला तर 15,000 होतात. झाकणावर लेझरने नावं कोरायचे नगामागे 8 धरले तर 2,000, बॉक्सचे 12 धरले तर 3,000, आणि टेम्पोचे 800. म्हणजे 20,800, नगाला त्र्याऐंशीच्या वर. जीएसटी यात धरलेला आहे की वेगळा, ते आणखी विचारायचं. दुकानदार फसवतोय असं नाही. आपण पूर्ण भाव विचारलेलाच नसतो. म्हणून प्रश्न असा करा: "250 नग, नावासकट, बॉक्ससकट, कोपरीत घरपोच, सगळं धरून नगाला किती?"

नाव घालण्याच्या पद्धतीनेही हिशोब बदलतो. स्क्रीन प्रिंटिंगला फ्रेम बनवण्याचा खर्च एकदाच येतो. तो तीस नगांवर जड पडतो, तीनशेंवर जाणवतही नाही. लेझरचं तसं नाही, तिथे प्रत्येक नगाला मशीनवर वेळ लागतो. एकाला दीड मिनिट धरलं तरी 250 डब्यांना सव्वासहा तास. वाढदिवसाला पंचवीस मुलांची वेगवेगळी नावं हवी असतील तर फ्रेमच्या भानगडीत पडूच नका. छापील स्टिकर किंवा टॅग बरा.

'सात दिवसांत तयार' हे वाक्य तर फारच निसरडं. ते सात दिवस तुम्ही फोन केल्यापासून नव्हे, तर बहुधा ॲडव्हान्स दिल्यावर आणि डिझाइनला 'ओके' म्हटल्यावर सुरू होतात. घरात नावाच्या क्रमावरून चार दिवस वाद चालला तर ते चार दिवस आपले गेले. शिवाय दिवाळीत कारागीर गावी जातात आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची गर्दी उसळते, तेव्हा त्या दिवसांत हातात जास्तीचा आठवडा ठेवा.

मराठी नावांचं प्रूफ मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, 'ज्ञानेश्वर'चं भलतंच काही होतं, आणि मशीनवरच्या माणसाला ते कळेलच असं नाही. स्क्रीनवरच्या प्रूफवर भागवू नका. एक नमुना नग प्रत्यक्ष बनवून घ्या, त्याचे पैसे पडले तरी चालतील.

ठरलेलं सगळं, म्हणजे नग, एकूण भाव, तारीख आणि खराब नग बदलून देण्याची अट, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चार-पाच नग जास्तीचे मागवा, कारण नंतर कमी पडलेले पाच नग कुणी त्या भावात करून देत नाही. आणि माल दारात आला की खोके उघडून मोजा, मगच उरलेले पैसे द्या.